एकच अश्वगंधा, दोन परवाने

अश्वगंधेच्या मुळाचे चूर्ण कॅप्सूलमध्ये भरले, की ते औषध झाले की अन्न, हे त्या चूर्णावरून ठरत नाही. उत्पादकाने कोणत्या कायद्याखाली परवाना घेतला आणि बाटलीवर काय छापले, यावरून ते ठरते. त्यामुळे औषधाच्या दुकानात एकाच फळीवर अश्वगंधेच्या दोन बाटल्या शेजारी-शेजारी दिसतात. एकीवर ‘आयुर्वेदिक औषध’ असे शब्द आणि औषध-निर्मितीचा परवाना क्रमांक असतो. दुसरीवर एफएसएसएआयचे बोधचिन्ह, चौदा आकडी क्रमांक आणि ‘हेल्थ सप्लिमेंट’ असे शब्द असतात. दुसऱ्या बाटलीवर आणखी एक ओळ असते, पण ती वाचणारे थोडे: ‘नॉट फॉर मेडिसिनल युज’, म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. गिऱ्हाईक मात्र दोन्ही बाटल्या औषध म्हणूनच घरी नेते.

पहिल्या बाटलीमागचा कायदा जुना आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 सालचा. त्यात आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. या औषधांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग ग्रंथोक्त औषधांचा. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात चरकसंहितेपासून शार्ङ्गधरसंहितेपर्यंत प्रमाण ग्रंथांची यादी दिली आहे. त्यांपैकी एखाद्या ग्रंथात दिलेल्या पाठानुसारच जे बनते, ते ग्रंथोक्त. दुसरा वर्ग पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषधांचा. येथे घटकद्रव्ये त्याच ग्रंथांतली असावी लागतात, पण त्यांची जुळणी आणि प्रमाण कंपनीचे स्वतःचे असते. दुकानात आकर्षक नावाने मिळणारी बहुतेक आयुर्वेदिक कॅप्सूल, सिरप आणि तेले या दुसऱ्या वर्गातली असतात.

परवाना देताना पुरावा किती मागायचा, हे नियम 158-ब मध्ये सांगितले आहे. ग्रंथोक्त औषध ग्रंथात सांगितलेल्याच उपयोगासाठी विकायचे असेल, तर ग्रंथाचा आधार पुरतो. सुरक्षिततेची नवी चाचणी किंवा रुग्णांवरचा नवा प्रयोग मागितला जात नाही. शतकानुशतके वापरात असलेल्या गोष्टीचा वापर हाच तिचा पुरावा, अशी ही भूमिका आहे. प्रोप्रायटरी औषधासाठी घटकांविषयीचे प्रकाशित साहित्य आणि छोटा, पथदर्शी अभ्यास अपेक्षित असतो. ॲलोपॅथीच्या नव्या औषधाला आधी निरोगी माणसांवर, मग थोड्या रुग्णांवर आणि शेवटी शेकडो-हजारो रुग्णांवर अशा टप्प्यांनी जावे लागते. तशी साखळी येथे नाही. म्हणजे ‘परवानाधारक आयुर्वेदिक औषध’ याचा अर्थ इतकाच, की घटक मान्य आहेत, कारखाना ठरलेल्या निकषांत बसतो आणि राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने निर्मितीला परवानगी दिली आहे. ते अमुक आजारावर गुण देते हे सरकारने तपासले, असा अर्थ त्यातून निघत नाही.

दुसऱ्या बाटलीमागे अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 आहे. त्याच्या कलम 22 मध्ये न्यूट्रास्युटिकल आणि हेल्थ सप्लिमेंट या वर्गांना जागा दिली आहे. त्यांचे तपशीलवार विनियम 2016 साली आले आणि 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. या विनियमांना वनस्पतींची एक लांबलचक यादी जोडलेली आहे. कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग वापरता येईल आणि प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला तो किती जावा, हे त्या यादीत सांगितले आहे. यादीतली वनस्पती दिलेल्या मर्यादेत वापरली, की ती अन्न म्हणून विकता येते. गुण येतो की नाही, हा प्रश्न अन्नाच्या परवान्यासाठी विचारलाच जात नाही, कारण अन्नाकडून रोग बरा करण्याची अपेक्षा नसते. म्हणूनच लेबलावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे ठळकपणे लिहावे लागते. हे सप्लिमेंट म्हणजे चौरस आहाराला पर्याय नव्हे, सांगितलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नये, या सूचनाही सक्तीच्या आहेत. 2022 साली ‘आयुर्वेद आहार’ नावाचा आणखी एक वर्ग याच छत्राखाली आला. आयुर्वेदाच्या ग्रंथांतल्या पाकक्रियांनुसार केलेले पदार्थ त्यात मोडतात. तेही अन्नच.

महाराष्ट्रात या दोन्ही वाटा ‘अन्न व औषध प्रशासन’ या एकाच खात्याशी येऊन मिळतात. मोठ्या किंवा अनेक राज्यांत पसरलेल्या अन्न-उत्पादकांना मात्र केंद्राचा परवाना लागतो. उत्पादक कोणती वाट धरतो, हा बहुतांशी व्यापारी हिशेब असतो. अन्नाची वाट सोपी असते आणि माल किराणा दुकानापासून ऑनलाइन बाजारापर्यंत कुठेही ठेवता येतो. औषधाच्या वाटेवर मालाची ओळखच औषध म्हणून होते आणि ग्रंथातला उपयोग लेबलावर सांगता येतो. अन्नाच्या परवान्यावर औषधाची भाषा बोलायची, हा मोह मात्र अनेकांना आवरत नाही, आणि गोंधळाचे मूळ तिथे आहे.

अन्नाच्या लेबलाने काय बोलावे, यासाठी 2018 चे जाहिराती व दावे विनियम आहेत. ते 1 जुलै 2019 पासून लागू झाले. दावा खरा आणि पुराव्याने सिद्ध करता येण्याजोगा असावा, आणि अन्नपदार्थ रोग टाळतो किंवा बरा करतो असे म्हणू नये, ही त्यातली मुख्य अट. त्यामुळे ‘मधुमेह बरा करते’ असे सप्लिमेंटवर सहसा छापत नाहीत. ‘साखरेची पातळी संतुलित राखण्यास मदत’ असे छापतात. वाचणाऱ्याला दोन्हींतून एकच गोष्ट ऐकू येते, छापणाऱ्याला मात्र दुसरे वाक्य कायद्याच्या अलीकडे ठेवते. ‘मदत’, ‘साहाय्यक’, ‘सपोर्ट’ हे शब्द लेबलावर इतक्या वेळा का येतात, याचे उत्तर यात आहे.

औषधांच्या जाहिरातींसाठी 1954 चा औषधे व जादूई उपाय कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, इतकेच काय पण माणसाची उंची वाढवणे, अशा 54 बाबींची यादी त्याला जोडलेली आहे. त्यांवर आपले औषध चालते अशी जाहिरात करणे हाच गुन्हा आहे, मग औषध कोणत्याही पद्धतीचे असो. कायदा कडक, अंमलबजावणी ढिली, अशी याची ख्याती आहे. डिसेंबर 2018 मध्ये केंद्राने नियम 170 आणून आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना प्रसिद्धीपूर्वी मंजुरी सक्तीची केली. उद्योगाने त्याला न्यायालयांत आव्हान दिले. जुलै 2024 मध्ये केंद्रानेच तो नियम वगळला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये मूळ प्रकरण निकाली काढताना ती स्थगितीही उठवली. जाहिरात आधी तपासायची की नंतर खटला भरायचा, या प्रश्नावर सात वर्षे अशी ये-जा झाली आणि तेवढ्या काळात जाहिराती काही थांबल्या नाहीत.

आता ‘क्लिनिकली प्रूव्हन’ या शब्दांकडे. भारतीय कायद्यात या शब्दजोडीची व्याख्या नाही. किती लोकांवर, किती दिवस, कशाशी तुलना करून चाचणी झाली म्हणजे हे शब्द छापता येतील, असे कुठे एका जागी लिहिलेले नाही. दावा सिद्ध करता यावा, एवढेच बंधन. म्हणून या शब्दांची किंमत त्यांच्यामागच्या अभ्यासाएवढी. अश्वगंधेच्या बाबतीत असा अभ्यास खरोखरच आहे आणि तो उलगडून पाहण्याजोगा आहे.

2012 साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन’मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ ताण असलेल्या 64 प्रौढांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले होते. एका गटाला अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काची 300 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, 60 दिवस दिली. दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. अशा नकली मात्रेला प्लासिबो म्हणतात. कोणाला काय मिळते आहे हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि देणाऱ्यालाही. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. शेवटी प्रश्नावलीवर मोजलेला ताणाचा गुणांक अश्वगंधेच्या गटात 44 टक्क्यांनी, तर प्लासिबोच्या गटात साडेपाच टक्क्यांनी उतरला होता. ताणाशी संबंधित कॉर्टिसोल हे संप्रेरक अश्वगंधेच्या गटात 27.9 टक्क्यांनी आणि प्लासिबोच्या गटात 7.9 टक्क्यांनी घटले.

चाचणीची रचना चांगली आहे. तुलनेला दुसरा गट आहे, निवड यादृच्छिक आहे, अंधता पाळली आहे आणि निष्कर्ष प्रसिद्ध केला आहे. लेबलांवरच्या बहुतेक दाव्यांमागे एवढेही नसते. पण या अभ्यासातून काय सिद्ध झाले, हे वाक्य नीट लिहिले तर बरेच लांब होते: विशिष्ट पद्धतीने काढलेला, किमान 5 टक्के विथॅनोलाइड असलेला मुळाचा अर्क रोज 600 मिलिग्रॅम याप्रमाणे दोन महिने घेतल्यावर, ताणाची तक्रार असलेल्या सुमारे तीस प्रौढांचा प्रश्नावलीवरचा गुणांक प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा अधिक घटला. या लांब वाक्यातले सगळे तपशील गाळून लेबलावर ‘ताण कमी करते, क्लिनिकली प्रूव्हन’ एवढेच उरते. आणि जे गळाले, त्यातच चाचणीचा सगळा जीव होता.

पहिला गळालेला तपशील मात्रेचा. समजा, एका बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये अश्वगंधेच्या मुळाचे साधे चूर्ण 500 मिलिग्रॅम आहे आणि ‘दिवसातून दोन’ असे लिहिले आहे. चाचणीतल्या अर्कातून रोज 600 मिलिग्रॅमचे 5 टक्के, म्हणजे किमान 30 मिलिग्रॅम विथॅनोलाइड पोटात जात होते. साध्या चूर्णात हे प्रमाण सहसा एक टक्क्याच्या आत असते. म्हणजे या बाटलीतून 1000 मिलिग्रॅम चूर्ण घेऊनही 10 मिलिग्रॅम पुरते मिळत नाहीत. आयुर्वेदिक औषधकोशात अश्वगंधा चूर्णाची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम दिली आहे. दोन कॅप्सूलमधले एक ग्रॅम या पारंपरिक मात्रेलाही पुरत नाही. अशी बाटली ग्रंथालाही धरून नाही आणि चाचणीलाही. तरीही तिच्यावर ‘क्लिनिकली प्रूव्हन’ छापलेले असू शकते, कारण छापणारा म्हणतो, अश्वगंधेवर चाचणी झालीच आहे की! घटकावरची चाचणी उसनी घेऊन मालावर चिकटवणे, ही या बाजारातली सर्वांत जुनी युक्ती आहे.

दुसरा तपशील माणसांचा. ताण असलेल्या, स्वतःहून चाचणीत आलेल्या प्रौढांवरचा निष्कर्ष शाळकरी मुलांना, गरोदर स्त्रियांना किंवा थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना आपोआप लागू होत नाही. तिसरा तपशील संख्येचा. प्रत्येक गटात तीसच्या आसपास माणसे असली, की क्वचित होणारा दुष्परिणाम दिसतच नाही. हजारात एकाला यकृताचा त्रास होत असेल, तर तीस जणांत तो दिसण्याची शक्यता नगण्य. आणि अश्वगंधेच्या बाबतीत यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत खरोखरच नोंदली गेली आहेत. ती विरळ आहेत, पण आहेत. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. भारतात आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये अश्वगंधेची पाने न वापरण्याची सूचना उत्पादकांना दिली, कारण ग्रंथांचा आधार मुळाला आहे, पानांना नाही. विथॅनोलाइडचा आकडा स्वस्तात वाढवायला पाने सोयीची असतात. त्यामुळे लेबलावर ‘मूळ’ हा शब्द आहे की नाही, हे पाहणे हा नुसता चोखंदळपणा नव्हे.

त्यानंतर अश्वगंधेवर आणखीही छोट्या चाचण्या झाल्या आणि त्यांचा कल ढोबळमानाने याच दिशेचा आहे. मात्र चाचण्या लहान, काळ बहुधा दोन-तीन महिन्यांचा, अर्क वेगवेगळे आणि अनेकदा अर्क पुरवणाऱ्याचाच चाचणीशी संबंध, अशी परिस्थिती आहे. ‘आशादायक’ हा शब्द तिला शोभतो. ‘प्रूव्हन’ नाही.

चांगल्या रचनेच्या चाचणीचाही दावा कसा फुगवता येतो, याचे मोठे उदाहरण कोरोनाच्या काळातले आहे. 23 जून 2020 रोजी पतंजलीने ‘कोरोनिल’ हा संच कोरोनावरचे औषध म्हणून जाहीर केला. सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे, असा दावा होता. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवायला सांगितले. उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्याने खुलासा केला, की परवाना मागितला होता तो प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या औषधाचा, त्या अर्जात कोरोनाचा उल्लेख नव्हता. दाव्यामागची चाचणी पुढे ‘फायटोमेडिसिन’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ती 95 जणांवरची होती: 45 औषधाच्या गटात, 50 प्लासिबोच्या. सातव्या दिवशी औषधाच्या गटातले सगळे विषाणूमुक्त होते. प्लासिबोच्या गटातले 60 टक्केही होते. कळीची गोष्ट अशी, की हे रुग्ण लक्षणे नसलेले किंवा सौम्य लक्षणांचे होते. जो आजार बहुतेकांचा आपोआप बरा होतो, त्यात ‘शंभर टक्के बरे’ हा आकडा एकटा ठेवला तर चमत्कार वाटतो. शेजारी 60 ठेवले, की तो पंचेचाळीस माणसांवरच्या प्राथमिक निष्कर्षाच्या मापात येतो. श्वास लागलेल्या, ऑक्सिजनवर गेलेल्या रुग्णाचा जीव वाचेल का, हे या चाचणीत तपासलेच नव्हते.

फेब्रुवारी 2021 मध्ये हाच संच पुन्हा वाजतगाजत आला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार प्रमाणपत्र मिळाल्याचे सांगितले गेले. संघटनेने लगेच स्पष्ट केले, की कोविडवरच्या कोणत्याही पारंपरिक औषधाची परिणामकारकता तिने तपासलेली वा प्रमाणित केलेली नाही. प्रमाणपत्र होते ते भारतीय औषध नियंत्रकाचे, त्या योजनेच्या नमुन्यानुसार दिलेले. निर्यातीसाठी लागणारा हा कागद मालाच्या निर्मितीविषयी आणि परवान्याविषयी बोलतो, रुग्णाच्या बरे होण्याविषयी नाही. योग्य प्रमाणीकरणाशिवाय महाराष्ट्रात कोरोनिल विकू देणार नाही, असे राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी त्या आठवड्यात जाहीर केले होते.

निर्मितीचा दाखला आणि गुणाचा दाखला यांची ही गल्लत रोजच्या लेबलांवरही होते. ‘जीएमपी सर्टिफाइड’ म्हणजे कारखाना ठरलेल्या पद्धतीने चालतो. ‘लॅब टेस्टेड’ म्हणजे जड धातू, जंतू किंवा घटकांचे प्रमाण कुठेतरी तपासले. दोन्ही गोष्टी हव्याच, पण गुणाशी त्यांचा संबंध नाही. ‘एफएसएसएआय अप्रूव्ह्ड’ हे तर परवाना क्रमांकालाच शिफारस समजण्यासारखे आहे. तो क्रमांक शेवया आणि लोणच्याच्या पाकिटावरही असतो. ‘आयुष मंत्रालयाने मान्यता दिलेले’ हा दावा कुठल्याच औषधाला शोभत नाही. मंत्रालय विक्रीसाठी औषधे मंजूर करत नाही, परवाना राज्य देते.

परदेशी बाटल्यांचीही तीच गत. अमेरिकेत 1994 च्या कायद्याने वनस्पतिजन्य सप्लिमेंट अन्नातच धरले आहेत. बाजारात येण्यापूर्वी परिणामकारकता दाखवावी लागत नाही, पण उपयोग छापला तर हे विधान एफडीएने तपासलेले नाही आणि हा माल रोग बरा करण्यासाठी नाही, अशी ओळ जोडावी लागते. नातेवाइकांनी तिथून आणलेली बाटली म्हणून ती अधिक सिद्ध, असे समजायला आधार नाही. ब्रिटनमध्ये ‘पारंपरिक वापर’ या नोंदणीसाठी 30 वर्षांच्या वापराचा पुरावा लागतो आणि हा दावा केवळ परंपरेवर आधारलेला आहे, असे लेबलावर सरळ लिहावे लागते. हा मार्ग अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

वनस्पतीला खऱ्या अर्थाने ‘सिद्ध’ करण्याची वाट भारतातही आहे. 2015 साली ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा वर्ग निर्माण झाला. वनस्पतीचा शुद्ध केलेला अर्कांश, त्यातले किमान चार सक्रिय घटक मोजून दाखवायचे, आणि मग ॲलोपॅथीच्या नव्या औषधासारखीच सुरक्षिततेची व परिणामकारकतेची परीक्षा द्यायची. खर्च आणि वेळ पाहता या वाटेने जाणारे थोडेच आहेत. सप्लिमेंटच्या वाटेवर मात्र गर्दी आहे.

दावा पडताळणे घरबसल्या जमते. अन्नाचा चौदा आकडी क्रमांक foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर टाकला, की परवाना कोणाच्या नावाचा आणि चालू आहे का, ते कळते. भारतात झालेल्या चाचण्यांची नोंद ctri.nic.in वर असते. जून 2009 पासून औषध नियंत्रकांनी नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी ती सक्तीची केली. तिथे चाचणी सापडली, तर त्यातला अर्क, मात्रा आणि दिवस बाटलीशी ताडून पाहावेत. सापडली नाही, तर कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर अभ्यासाचे नाव विचारावे. खरी चाचणी केलेली कंपनी ते आनंदाने सांगते. टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर बाटली अन्नाच्या परवान्याची असो की औषधाच्या, पहिली कॅप्सूल घेण्यापूर्वी ती आपल्या डॉक्टरांना किंवा वैद्यांना दाखवावी.